कोंड्यावर स्क्रब लावावा का, आणि लावायचाच तर कसा

पावसाळा लागला की वेंगुर्ल्याजवळच्या आमच्या मेडिकल दुकानात दोन गोष्टी हमखास मागितल्या जातात: पायाच्या चिखल्यांवरचं मलम आणि कोंड्याचा शाम्पू. अलीकडे त्यात तिसरी भर पडली आहे, डोक्याचा स्क्रब. कोणी बाटली विकत आणतं, कोणी मोबाइलवर बघून घरीच साखर नाहीतर मीठ खोबरेलात कालवतं.

जुलैत काजूच्या कारखान्यात कामाला जाणारी एक मुलगी आली. "वयनी, डोक्याक खूप खाज येता. ह्या लावलंय तर आता आग आग होता," म्हणाली. तीन आठवडे, आठवड्यातून तीन वेळा, ती साखर, खोबरेल आणि लिंबाचा रस एकत्र करून डोकं घासत होती. घासल्यावर त्या दिवशी डोकं स्वच्छ वाटायचं. तिसऱ्या दिवशी खपल्या परत हजर, आणि खाज पहिल्यापेक्षा जास्त. तिचं काय चुकलं आणि पुढे आम्ही काय केलं, तेच पायरीपायरीने सांगते.

आधी खपली कुठून येते ते बघू. आपल्या डोक्यावर मॅलासेझिया नावाची बुरशी असतेच, निरोगी माणसाच्याही. त्वचेतून पाझरणाऱ्या तेलावर ती जगते. ते तेल फोडताना काही आम्लं सुटतात आणि ज्यांच्या त्वचेला ती सोसत नाहीत तिथे सूज आणि खाज येते. सुजलेली त्वचा घाईघाईने नव्या पेशी तयार करते. एरवी एकेक करून न दिसता गळणाऱ्या पेशी मग चिकटलेल्या पापुद्र्यांनी गळतात. तोच कोंडा. म्हणजे खपली हा शेवटचा टप्पा झाला. साखरेचे दाणे ती उडवतात, पण खालची सूज आणि बुरशी जिथल्या तिथे राहते. वर त्या दाण्यांचे बारीक ओरखडे उठतात, आणि ओरखडलेली त्वचा स्वतःला सावरायला आणखी पेशी बनवते. आपण समजतो कोंडा वाढला, म्हणून आणखी घासतो. त्या मुलीचा सगळा गोंधळ या चकरीतला होता. लिंबाचा रस तर चांगलाच आंबट, ओरखड्यांवर तो झोंबणारच.

पहिली पायरी: खपली ओळखा. उजेडात बसून भांग पाडा आणि एक खपली दोन बोटांत चुरडा. पिवळसर, मेणचट, बोटाला चिकटणारी असेल, आणि नाकाच्या कडेला, भुवयांत किंवा कानामागेही तसंच पांढुरकं दिसत असेल, तर बहुतेक वेळा तो तेलकट कोंडा असतो. पिठासारखी बारीक, कोरडी पडत असेल आणि डोकं ताणल्यासारखं वाटत असेल, तर त्वचा कोरडी पडली आहे किंवा शाम्पूच तिखट पडतो आहे. अशा डोक्याला कोणताही स्क्रब नको, सौम्य शाम्पू आणि कमी धुणं पुरतं. केसाला चिकटलेला, ओढला तरी न सरकणारा पांढरा ठिपका असेल आणि खाज कानामागे व मानेवर जास्त असेल, तर ती लीख आहे. शाळकरी मुलांच्या बाबतीत हे आधी बघावं, कारण लिखा समजून न घेता घरोघरी कोंड्याचे शाम्पू संपतात.

तीन ठिकाणी मात्र घरचे उपाय थांबवून त्वचेच्या डॉक्टरकडे जायचं. एक, मुलाच्या डोक्यावर गोल चट्टा पडून केस तुटले असतील तर. ती नायट्याची लागण असू शकते. तिला पोटातून औषध लागतं, वरच्या शाम्पूने ती जात नाही. दोन, जाड, चंदेरी, कडा ठळक असलेल्या खपल्या केसांच्या रेषेबाहेर कपाळावर आल्या असतील, कोपर-गुडघ्यावरही असतील तर. तो सोरायसिस असू शकतो, आणि त्यात घासलेल्या जागीच नवे चट्टे उठू शकतात. स्क्रब सगळ्यांत घातक ठरतो तो इथे. तीन, पाणी सुटत असेल, पिवळा खरपुडा धरला असेल किंवा मानेत गाठी आल्या असतील तर.

त्या काजू कारखान्यातल्या मुलीच्या खपल्या मेणचट होत्या, नाकाच्या कडेलाही होत्या. भांगाच्या दोन्ही बाजूंना नखांचे आणि साखरेचे लाल ओरखडे स्पष्ट दिसत होते.

दुसरी पायरी: आठ दिवस सगळं बंद. स्क्रब, लिंबू, बेकिंग सोडा, मेंदी, केसांचा रंग, सगळं. फक्त साधा सौम्य शाम्पू, दिवसाआड, कोमट पाण्याने. हे आठ दिवस लोकांना सर्वांत जड जातात, कारण काहीच करत नाही असं वाटतं. पण फाटलेल्या त्वचेवर कोणतंही औषध लावलं तरी झोंबतं, आणि मग 'हे औषध मला सोसत नाही' असा चुकीचा निष्कर्ष निघतो. नखं कापायला मी तिला त्याच दिवशी सांगितलं. काजूवाल्यांना आणखी एक गोष्ट सांगावी लागते: काजूच्या टरफलातलं तेल कातडी भाजवतं, तेव्हा हात नीट धुतल्याशिवाय डोकं खाजवू नका.

तिसरी पायरी: घट्ट खपल्या आधी मऊ करा. आता इथे स्क्रबचा खरा पर्याय येतो. दाणेदार वस्तूने खपली ओरबाडण्यापेक्षा तिच्यातला डिंक सैल करणं बरं. सॅलिसिलिक आम्ल हे काम करतं. मेलेल्या पेशी एकमेकींना धरून ठेवणारी पकड ते ढिली करतं, आणि खपली पाण्याबरोबर निघते. कोंड्याच्या शाम्पूत ते साधारण 2 ते 3 टक्के असतं, बाटलीमागच्या बारीक अक्षरांत वाचा.

लावायची पद्धत अशी. खपल्या जाड असतील तर न्हाण्याआधी अर्धा तास कोरड्या डोक्याला थोडं खोबरेल फक्त त्या जागी लावा. मग डोकं ओलं करून, भांग पाडत पाडत शाम्पू केसांवर न ओतता त्वचेवर लावा. बोटांच्या पेराने, नखं न लागू देता, मिनिटभर हलकं फिरवा. तीन ते पाच मिनिटं ठेवा आणि भरपूर पाण्याने धुवा. आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा. खपली सैल होऊन आली तर आली, जी चिकटून आहे ती पुढच्या वेळेला सोडा. ॲस्पिरिनची ॲलर्जी असेल तर हे आम्ल नको. गरोदरपणात आणि लहान मुलांना डॉक्टरला विचारल्याशिवाय नको. बाजारात हल्ली रात्रभर ठेवायची ग्लायकोलिक आम्लाची सीरमंही मिळतात. खाजवून लाल झालेल्या डोक्यावर ती मी देत नाही.

तेलाबद्दल इथे भांडण होतंच. घाण्यावरचं खोबरेल आपल्याकडे न्हाण्याचा अर्धा धर्म आहे, माझ्या सासूबाई अजून माझ्यावर रागावतात. पण तेलकट कोंड्यात ते रात्रभर मुरवून ठेवणं म्हणजे तेलावर जगणाऱ्या बुरशीच्या ताटात वाढण्यासारखं. अर्धा तास खपली मऊ करायला आणि केसांच्या टोकांना जरूर लावा, टाळूवर मुक्काम नको.

चौथी पायरी: मूळ कारणावर औषध. खपली सैल झाली तरी बुरशी आहेच. त्यासाठी कीटोकोनॅझोल 2 टक्क्यांचा शाम्पू आठवड्यातून दोनदा, दोन वेळांत तीन दिवसांचं अंतर ठेवून, चार आठवडे. नाण्याएवढा शाम्पू घ्या, दाट केसांना त्याच्या दुप्पट. त्वचेला लावून तीन ते पाच मिनिटं थांबा. बहुतेकांचं इथेच चुकतं: साबणासारखं फेस काढून लगेच धुतात आणि मग औषध लागू पडत नाही म्हणतात. मी तिला न्हाणीघरात शाम्पू लावून आधी अंग घासायला सांगितलं, डोकं शेवटी धुवायचं. तेवढ्यात वेळ भरतो. सॅलिसिलिकचा दिवस आणि कीटोकोनॅझोलचा दिवस वेगळे ठेवा, दोन्ही एकाच न्हाण्यात कोंबू नका.

तिचं वेळापत्रक असं झालं: मंगळवारी आणि शुक्रवारी कीटोकोनॅझोल, रविवारी सॅलिसिलिक, तेही फक्त भांगाजवळच्या जाड जागेवर. दुसऱ्या आठवड्याअखेर रात्रीची खाज गेली, खपल्या मात्र होत्या. तिसऱ्या आठवड्यात जाड थर सुटला, तेव्हा सॅलिसिलिक बंद केलं. चार आठवड्यांनी काळ्या ओढणीवर काही पडत नव्हतं. नंतर कीटोकोनॅझोल दर पंधरा दिवसांनी एकदा, कारण बुरशी कायमची जात नाही, दबून राहते. चार आठवडे नीट वापरूनही फरक पडला नसता तर मी तिला आणखी एक बाटली दिली नसती, कुडाळला त्वचेच्या डॉक्टरकडे पाठवलं असतं.

औषध काम करतंय की झोंबतंय? लावल्यावर थोडं चुणचुणून धुतल्यावर थांबलं तर काळजी नाही. धुतल्यावरही तासभर आग, दुसऱ्या दिवशी लाली, ताणल्यासारखं वाटणं किंवा मेणचट खपल्यांच्या जागी कोरड्या पांढऱ्या खपल्या येणं, ही जास्त झाल्याची खूण आहे. मग दोन आठवडे साधा शाम्पू, आणि पुन्हा सुरू करताना आठवड्यातून एकदाच. कानाच्या पाळ्या, पापण्या किंवा मानेवर पुरळ आलं तर ॲलर्जी समजा आणि ती बाटली परत हातात घेऊ नका. केसांच्या रंगानेही असंच होतं.

आपल्या हवेचं एक सांगायचं राहिलं. जुलै-ऑगस्टमध्ये केस दिवसभर वाळत नाहीत आणि बायका ओलाच अंबाडा घालून वर वळेसर माळतात. गरम, ओलं, बंद डोकं त्या बुरशीला फार मानवतं. न्हाण्याची वेळ संध्याकाळऐवजी सकाळची ठेवा, मुळं पंच्याने टिपून पंख्याखाली वाळू द्या, मग बांधा. कारखान्यातली डोक्याची टोपी रोज धुवा. समुद्रात डुंबून आल्यावर खाज येते ती बऱ्याचदा वाळलेल्या मिठाची, त्याला गोड्या पाण्याने डोकं धुणं पुरतं.

उरलेल्या साखरेच्या स्क्रबचं काय करू, असं तिने विचारलं होतं. टाचांना लाव म्हटलं. पावसात त्या फुटलेल्या नसतील तर तिथली जाड कातडी ते घासणं सोसते.