हॉस्पिटलचं ऑपरेटिंग कॉस्टिंग: गणित पेशंट-डेपाशी का फसतं

हॉटेल असो की हॉस्पिटल, ऑपरेटिंग कॉस्टिंगमध्ये खर्चाची यादी करणं अवघड नाही, सगळे तिथपर्यंत पोचतात. अडतं ते भागायचं कशाने यावर. हॉस्पिटलमध्ये नुसता 'पेशंट' हे युनिट चालत नाही, कारण एक जण दोन दिवस राहतो आणि दुसरा वीस, म्हणून पेशंट-डे. हॉटेलला तसाच रूम-डे. ओपीडी, एक्स-रे, ऑपरेशन थिएटर यांची युनिट्स वेगळी, ते खर्च बेडच्या दरात मिसळायचे नाहीत. इतपत तुम्हाला माहीत असेलच.

आता एक केस घ्या. ३० दिवसांचा महिना, जनरल वॉर्डात ४० बेड, सरासरी ८० टक्के भरलेले. प्रायव्हेट रूम १०, त्या ६० टक्के भरलेल्या. प्रायव्हेटचा दर जनरलच्या तिप्पट ठेवायचाय.

जनरलचे पेशंट-डे ४० × ३० × ०.८ म्हणजे ९६०. प्रायव्हेटचे १० × ३० × ०.६ म्हणजे १८०. प्रत्यक्ष मिळून १,१४०. पण एक प्रायव्हेट दिवस तीन जनरल दिवसांएवढा धरायचा, म्हणून १८० चे झाले ५४०, आणि समतुल्य पेशंट-डे झाले १,५००.

इथून पुढे तुमच्याकडे दोन आकडे आहेत, १,१४० आणि १,५००, आणि सगळी मेख इथेच आहे. हे मी दोनदा सांगणार, कारण मला स्वतःला हे सुटायला फार वेळ लागला आणि कुणी नीट समजावून सांगितलं नव्हतं. वेटेज हे फक्त दर वाटण्यासाठी आहे, खर्च काढण्यासाठी नाही. समजा जेवण आणि लाँड्रीला दर पेशंटमागे दिवसाला २०० रुपये लागतात. प्रायव्हेटमधला माणूस तीन ताटं जेवत नाही, म्हणून इथे १,१४० ने गुणायचं, २,२८,००० येतात. १,५०० ने गुणलंत तर ३,००,००० येतील, म्हणजे ७२,००० रुपयांचा न झालेला खर्च तुम्ही दरात घातलात, आणि उत्तर इतकं बरोबर दिसतं की संशयसुद्धा येत नाही. खर्च काढताना प्रत्यक्ष दिवस, भागताना समतुल्य दिवस. (प्रायव्हेटचं जेवण खरंच महाग असेल तर त्याचा रेट वेगळा दिलेला असतो, तो वापरा, वेटेज नाही.)

बाकीचे खर्च असे: पगार ५,४०,०००, भाडं आणि डेप्रिसिएशन २,५२,०००, वीज-पाणी-मेंटेनन्स १,८०,०००. हे तिन्ही आपण फिक्स्ड धरू. जेवण-लाँड्री धरून एकूण १२,००,०००. भागिले १,५००, कॉस्ट आली ८०० रुपये.

आता प्रॉफिट. 'चार्जवर २० टक्के' म्हटलंय तर ८०० हे चार्जच्या ८० टक्के झाले, चार्ज १,००० रुपये. ८०० वर २० टक्के लावून ९६० लिहिणारे दरवर्षी भेटतात. जनरल १,०००, प्रायव्हेट ३,०००. पडताळा लगेच घ्या: ९,६०,००० अधिक ५,४०,००० म्हणजे १५ लाख, खर्च १२ लाख, नफा ३ लाख, बरोबर २० टक्के. हा पडताळा एका मिनिटाचा आहे आणि तो न घेता पुढे जाऊ नका, अजिबात नाही.

ऑक्युपन्सी विसरून सगळे बेड भरलेले धरले तर छेद २,१०० होतो, दर साधारण ७१४ निघतो आणि खरे भरलेले १,५०० समतुल्य दिवसच असल्याने वसुली पावणेअकरा लाखांच्याही आत राहते. म्हणजे नफा धरून काढलेल्या दरावर सव्वा लाखाच्या वर तोटा.

फॉर्म्युला शीट पाठ करून हे जमेल असं मला वाटत नाही. माझ्या एका सीनियरने प्रत्येक आकड्यापुढे तो कशाचा आहे हे लिहायला लावलं, 'बेड', 'प्रत्यक्ष दिवस', 'समतुल्य दिवस' असं, तेव्हा कटकट वाटायची पण गोंधळ तिथेच थांबला. घाबरू नका, दोनचार गणितं अशी सोडवली की हात बसतो.

प्रत्यक्ष कामात अजून एक अडचण येते. पुढच्या महिन्यात जनरल ६० टक्के आणि प्रायव्हेट ४० टक्क्यांवर आलं तर प्रत्यक्ष दिवस ८४०, समतुल्य १,०८०. जेवण-लाँड्री १,६८,००० वर उतरते पण फिक्स्ड ९,७२,००० तसेच राहतात, कॉस्ट जाते १,०५६ च्या आसपास आणि २० टक्के धरून चार्ज १,३१९. पेशंट कमी झाले म्हणून दर वाढवला तर ते अजून कमी होणार, म्हणून दर ठरवताना एका महिन्याची ऑक्युपन्सी घेऊ नका, वर्षभराची सरासरी घ्या आणि मंदीच्या महिन्यातला कमी भरणा त्यातच धरा.