डास खरंच मेला का? ट्यूब चाचणी कशी करावी आणि आकडा कसा वाचावा

डासांवर औषध अजून चालतं का हे बघायच्या ट्यूब चाचणीत, तासभर औषध लावलेल्या पेपरवर ठेवलेल्या १०० डासांपैकी ९८ आडवे झाले की लगेच ‘औषध चालतंय’ असा शेरा मारणारी माणसं मी बरीच पाहिली आहेत. त्याच डासांकडे दुसऱ्या दिवशी बघायला मात्र त्यातलं कुणी थांबलेलं नसतं. या चाचणीतली खरी मेहनत त्या तासात नाही, पुढच्या २४ तासांत आहे. म्हणून बाकीचं भराभर सांगतो आणि तिथे थांबतो.

उदाहरण नाशिकचंच घेऊ. डास अ‍ॅनॉफिलिस स्टिफेन्साय, म्हणजे शहरात हिवताप पसरवणारा. बांधकामावरच्या सिमेंटच्या हौदांत आणि गच्चीवरच्या उघड्या टाक्यांत याच्या अळ्या सापडतात. औषध डेल्टामेथ्रिन, म्हणजे पायरेथ्रॉइड गटातलं कीटकनाशक, पेपर ०.०५ टक्क्यांचा. अ‍ॅनॉफिलिससाठी जागतिक आरोग्य संघटनेने ठरवलेला हा डिस्क्रिमिनेटिंग डोस. औषधाला अजिबात न सरावलेल्या डासांतले ९९ टक्के ज्या मात्रेत मरतात, तिच्या साधारण दुप्पट हा डोस धरतात. त्यामुळे या पेपरवरून जो डास जिवंत सुटतो, त्याला नशीबवान समजू नका. त्याच्या अंगात काहीतरी आहे.

अळ्या एकाच हौदातून आणू नका, नाहीतर शंभर बहिणींची चाचणी होते. वेगवेगळ्या वस्त्यांतल्या आठ-दहा ठिकाणांहून आणा आणि खोलीत वाढवा. कोषातून निघून ३ ते ५ दिवस झालेल्या, रक्त न प्यायलेल्या माद्या घ्या. नरांच्या मिशा झुपकेदार असतात, ते बाजूला काढा. पेपरचा डबा फ्रिजमधून काढला की खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडायचा नाही, मुदत बघायची आणि एक पेपर सहापेक्षा जास्त वेळा वापरायचा नाही. तो कितव्यांदा वापरताय हे पेन्सिलीने डब्यावर लिहा. लक्षात ठेवू म्हणणारा कधीच लक्षात ठेवत नाही.

आता मांडणी. हिरव्या ठिपक्याच्या सहा होल्डिंग ट्यूब घ्या, आत साधा पांढरा कागद, प्रत्येकीत अ‍ॅस्पिरेटरने, म्हणजे डास ओढून घ्यायच्या नळीने, साधारण २५ माद्या. एक तास तशाच उभ्या ठेवा. या तासात लंगडे, पंख मोडलेले डास काढून दुसरे घाला. मग स्लाइडच्या, म्हणजे दोन ट्यूबमधल्या सरकत्या पट्टीच्या, दुसऱ्या बाजूला लाल ठिपक्याच्या ट्यूब जोडा. चार ट्यूबमध्ये डेल्टामेथ्रिनचा पेपर जातो. उरलेल्या दोन पिवळ्या ठिपक्याच्या, त्यांत फक्त सिलिकॉन तेलाचा पेपर. हे तुमचं कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठी औषधाविना ठेवलेले डास. डास हलक्या फुंकरीने पलीकडे सोडा, स्लाइड सावकाश बंद करा आणि जाळी वर करून ६० मिनिटं ट्यूब उभ्या ठेवा.

कंट्रोलच्या ट्यूब नेहमी आधी हाताळा, औषधाच्या नंतर. हातमोजे बदलायचा कंटाळा येणार असेल तर क्रम तरी पाळा.

तास संपला की किती डास पडले ते लिहून घ्या. यालाच नॉकडाउन म्हणतात. मग डास पुन्हा हिरव्या ट्यूबमध्ये घ्यायचे. पडलेले फुंकरीने जात नाहीत. ट्यूब आडवी धरून बोटाने हलक्या टिचक्या मारा. स्लाइड ढकलताना कडेला डासाचे पाय अडकलेत का बघा. घाईत स्लाइड सरकवली की पाय तुटतात, आणि तो डास उद्या औषधाच्या खात्यात जमा होतो.

इथून पुढचे २४ तास. जाळीवर १० टक्के साखरपाण्याचा बोळा ठेवायचा. पुस्तकात एवढंच लिहिलेलं असतं, आणि मी पहिल्यांदा एवढंच केलं.

एप्रिल महिना होता. नाशिकचा एप्रिल ज्यांनी काढलाय त्यांना वेगळं सांगायला नको. दुपारी ओठ फुटतात, मग चार-पाच मिलिमीटरच्या डासाचं काय होत असेल! मी ट्यूब टेबलावर उभ्या केल्या, खोली गार राहावी म्हणून पंखा लावला आणि घरी गेलो. सकाळी कंट्रोलच्या ५० पैकी १३ मेलेले. म्हणजे २६ टक्के, आणि तेही ज्यांना औषध दाखवलंसुद्धा नव्हतं. औषधाच्या ट्यूबमध्ये शंभरपैकी ९९ मेलेले. मी खूश होऊन वहीत ‘संवेदनक्षम’, म्हणजे डास औषधाने मरतात, असं लिहायला घेतलं, तेव्हा एका वयस्कर कीटक समाहारकांनी वही ओढून घेतली. म्हणाले, ‘साहेब, हे औषधानं मारलेत की पंख्यानं?’ सगळी चाचणी बाद. पुन्हा अळ्या, पुन्हा दोन आठवडे.

लक्षात घ्या, कोरड्या हवेने झालेली चूक एकाच दिशेला जाते. ती मृत्यू वाढवते. जो डास औषधाला दाद देत नाही तोही वाळून मरतो आणि आकड्यात प्रतिकार लपतो. म्हणूनच ही चूक कुणाला टोचत नाही, निकाल चांगलाच दिसतो ना!

मी आता काय करतो ते सांगतो. थर्माकोलचा मोठा डबा घेतो. त्याच्या आतल्या भिंतींना ओला करून घट्ट पिळलेला पंचा लावतो. मधे ट्यूब उभ्या, शेजारी पैशाला पासरी मिळणारा नव्हे तर आधी पडताळून घेतलेला आर्द्रतामापक. झाकण किंचित तिरपं. आर्द्रता ६५ ते ८५ टक्क्यांत आणि तापमान २५ ते २९ अंशांत राहिलं पाहिजे. संध्याकाळी एकदा आणि रात्री झोपण्याआधी एकदा बघायचं, पंचा वाळला असेल तर पुन्हा ओला करायचा. कूलरची हवा थेट ट्यूबवर सोडा असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. हवेचा झोत ओला असला तरी झोतच असतो, आणि त्याच कूलरखाली काल कुणी औषध फवारलं होतं हे तुम्हाला ठाऊक नसतं. डिसेंबरात उलटी तऱ्हा. रात्री पारा दहाच्या आसपास उतरतो, तेव्हा त्याच डब्यात कोमट पाण्याची बाटली ठेवावी लागते.

बोळा पिळून घ्या. ओथंबलेला बोळा जाळीतून ठिबकतो, डास त्या थेंबाला चिकटतात आणि मरतात. डबा ज्यावर आहे त्या टेबलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा. मुंग्या मेलेले डास उचलून नेतात, मग सकाळी २५ चे २२ कसे झाले याचा हिशेब लागत नाही.

कंट्रोलमध्ये डास मेले तर कारण शोधायची एक सोपी खूण आहे. कंट्रोलचे डास पहिल्या तासातच पडले तर ट्यूबला किंवा हाताला औषध लागलेलं आहे, बहुतेक ठिपक्यांची अदलाबदल झाली आहे. तासाभरानंतर सगळे ठणठणीत उडत होते आणि सकाळी मेलेले सापडले तर हवा, बोळा किंवा हाताळणी. पहिल्या प्रकारात ट्यूब धुवा, दुसऱ्यात डबा सुधारा.

२४ तासांनी मोजणी. इथे सगळ्यात जास्त वाद होतात. डास पाठीवर पडून पाय हलवतोय, तो जिवंत की मेलेला? माझ्याकडे नवीन आलेला मुलगा दर वेळी म्हणायचा, ‘सर, हलतोय की!’ हलण्याला किंमत नाही. जो उभा राहू शकत नाही किंवा नीट उडू शकत नाही तो मेलेला धरायचा. ट्यूबवर हलकी टिचकी मारा. उठला, भिंतीला बसला, तर जिवंत, मग त्याचे दोन पाय कमी असले तरी. जागच्या जागी भिरभिरला तर मेलेला. नियम सगळ्या सहा ट्यूबना एकच, आणि शक्य असेल तर मोजणाऱ्याला कुठली ट्यूब कंट्रोलची आहे हे सांगू नका.

आता सुरुवातीच्या त्या ९८ कडे येऊ. औषधाच्या चार ट्यूबमध्ये २५, २६, २४ आणि २५ माद्या होत्या, एकूण १००. तासाभराने ९८ पडलेल्या, कंट्रोलमध्ये एकही नाही. २४ तासांनी मेलेल्या निघाल्या २२, २४, २१ आणि २३, म्हणजे ९०. पायरेथ्रॉइड औषधांचं हे नेहमीचंच आहे, डास आधी पडतो आणि त्यातले काही रात्रीतून सावरतात. कंट्रोलच्या ५० पैकी ४ मेल्या, म्हणजे ८ टक्के.

कंट्रोलचा मृत्यू ५ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर औषधाचा आकडा आहे तसा घ्यायचा. २० च्या वर गेला तर चाचणी फेकून द्यायची, माझ्या एप्रिलसारखी. मधे असेल तर अ‍ॅबटचं सूत्र:

सुधारित मृत्यू % = (औषधातील % − कंट्रोलमधील %) ÷ (१०० − कंट्रोलमधील %) × १००

इथे (९० − ८) ÷ (१०० − ८) × १००, म्हणजे ८२ भागिले ९२, उत्तर ८९.१ टक्के. टक्के काढताना चारही ट्यूबचे डास एकत्र करून काढा. प्रत्येक ट्यूबचे वेगळे टक्के काढून त्यांची सरासरी घेतली तर कमी डासांच्या ट्यूबला फुकटचं वजन मिळतं.

निकष असे: ९८ किंवा जास्त मेले तर डास संवेदनक्षम. ९० ते ९७ असेल तर प्रतिकाराचा संशय, नवीन डास घेऊन पुन्हा चाचणी. ९० च्या खाली गेलं तर प्रतिकार आहे. आता गंमत बघा. तासाभराचा आकडा धरणारा माणूस ९८ लिहून ‘संवेदनक्षम’ म्हणेल, २४ तासांचा धरणारा ९० वर ‘संशय’ म्हणेल, आणि कंट्रोल वजा करणारा ८९.१ वर ‘प्रतिकार’ म्हणेल. डास तेच, दिवस तोच.

माझं मत विचाराल तर ८९.१ वर मी शिक्का मारणार नाही. एक मादी इकडची तिकडे झाली असती तर आकडा पुन्हा ९० च्या वर गेला असता. शिवाय ८ टक्के कंट्रोल मला आवडत नाही, अ‍ॅबटचं सूत्र हिशेब दुरुस्त करतं, निष्काळजीपणा नाही. मी वहीत आकडे जसेच्या तसे लिहीन, दुसऱ्या वस्त्यांतल्या अळ्यांवर पुन्हा चाचणी लावीन आणि या वेळी कंट्रोल ५ च्या खाली ठेवीन. दुसऱ्यांदाही ९० च्या खाली आलं तर पुढचा प्रश्न प्रतिकार किती तीव्र आहे हा. त्याचं उत्तर ०.०५ चा पेपर देत नाही, त्याला पाचपट आणि दहापट मात्रेचे, म्हणजे ०.२५ आणि ०.५ टक्क्यांचे पेपर लागतात. आणि घरांच्या भिंतीवर मारलेलं औषध अजून टिकून आहे का, हे या ट्यूबमधून कळत नाही. त्यासाठी भिंतीवर शंकू लावून करायची चाचणी वेगळी आहे.

सगळ्यात शेवटी होल्डिंग ट्यूब धुऊन सुकवा आणि लाल ठिपक्याच्या ट्यूबपासून वेगळ्या खोक्यात ठेवा. आमच्याकडे ते खोकं वेगळ्या कपाटात असतं, आणि त्या कपाटाची किल्ली माझ्याजवळ.