या चुका टाळा: पोळपाट, चौरंग की देव्हारा, जोर कशावर द्यायचा?

इंदूरला सांवेर रोडवर माझ्या मावसभावाचा लाकडी वस्तूंचा छोटा कारखाना आहे. पाट, चौरंग, पोळपाट-लाटणी, रव्या, देव्हारे असं बरंच काही तिथे बनतं. मागच्या दिवाळीनंतर दादा म्हणाला, "पोळपाट बंद करतो. बर्तन बाजारातले दुकानदार भाव वाढवू देत नाहीत. त्यापेक्षा देव्हाऱ्यांच्या मागे लागू. राजेंद्रनगर, लोकमान्यनगरच्या फ्लॅटमधून मागणी आहे आणि एकेका नगाचे सहा हजार मिळतात."

मी त्याची वही मागून घेतली आणि दोन दिवस तिच्यात घालवले. बेरजा सगळ्या बरोबर होत्या. तरी तिच्यावरून घेतलेला निर्णय महागात पडला असता. सोपं जावं म्हणून इथे तीनच वस्तू धरतो.

चूक पहिली: भाडं नगांवर वाटणं

शेडचं भाडं, दोन पगार, बँकेचा हप्ता आणि विजेचा स्थिर आकार मिळून महिन्याला ४५,००० रुपये जात होते. महिन्याची विक्री १४ देव्हारे, १६ चौरंग आणि पोळपाट-लाटण्याचे १६८ जोड, म्हणजे एकूण १९८ नग. दादाने ४५,००० ला १९८ ने भागून प्रत्येक नगावर सुमारे २२७ रुपये टाकले होते. जोड विकला जातो ३२० ला आणि त्याचा स्वतःचा खर्च २२०. उरलेल्या शंभरातून २२७ गेले की पोळपाट तोट्यात दिसणारच.

पण पोळपाट बंद झाला म्हणून शेडचा मालक भाडं कमी करत नाही. एक नग जास्त बनवल्यावर जो खर्च वाढतो, तेवढाच भावातून वजा करायचा. जे उरतं ते कॉन्ट्रिब्युशन. पोळपाटाचं कॉन्ट्रिब्युशन १०० रुपये, म्हणजे १६८ जोड मिळून त्या ४५,००० पैकी १६,८०० रुपये भरत होते. ते बंद केले असते तर भाडं आणि पगार तसेच राहिले असते आणि त्यांचा भार देव्हाऱ्यांवर आला असता.

चूक दुसरी: नगाचा खर्च अर्धाच धरणं

ही चूक उलट बाजूची. पोळपाट गोल असतो, फळी चौकोनी. चौकोनातून वर्तुळ कापलं की चार कोपऱ्यांचं मिळून साडेएकवीस टक्के लाकूड जातं, शिवाय करवतीचा भुसा वेगळा. कोपऱ्यांतून पोळपाटाचे पाय निघतात, बाकीचं चुलीत जातं. म्हणून तयार वस्तू मापून लाकडाची किंमत काढू नका. एका लॉटला किती घनफूट आणलं आणि त्यातून किती नग बाहेर पडले, ते बघा. आमच्याकडे त्या पद्धतीने एका जोडाला १२० रुपयांचं लाकूड निघालं. त्यावर खरादाची नगावर मजुरी ६५, सँडपेपर आणि तेल १०, पॅकिंग १०, दुकानदाराचं कमिशन १५, असे २२० झाले.

मजुरीत नीट फरक करा. नगावर मिळणारी मजुरी खर्चात येते. महिन्याचा पगार येत नाही, कारण तो काम असो नसो द्यावाच लागतो. जीएसटी तुम्ही गिऱ्हाइकाकडून घेऊन भरत असाल तर भाव आणि कच्चा माल दोन्ही करावेगळे धरा. जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत, म्हणजे छोट्या धंद्यांनी एकूण विक्रीवर ठरावीक टक्का कर भरायच्या सोयीत असाल तर लाकडावर भरलेला कर परत मिळत नाही, म्हणून तो खर्चातच येतो. शिवाय विक्रीवरचा एक टक्का कर गिऱ्हाइकाकडून घेता येत नाही, तोही नगाच्या खर्चात धरायचा.

चूक तिसरी, सगळ्यात महागडी: एका नगावर किती सुटतं एवढंच बघणं

देव्हाऱ्याचा भाव ६,०००, खर्च ३,६००, उरतात २,४००. चौरंगावर १,४०० पैकी ५००. पोळपाटावर ३२० पैकी १००. टक्क्यांत ४०, ३६ आणि ३१. रुपये बघा नाहीतर टक्के बघा, दोन्हींत देव्हारा पहिला. दादाचा निर्णय यावरच उभा होता.

पण कारखान्यात माल अडतो कुठे? मी शेडमध्ये फिरलो तेव्हा खरादापाशी मोकळी जागा होती आणि फिनिशिंगच्या टेबलाशेजारी अर्धवट नगांची थप्पी होती. घासणं आणि पॉलिश एकटे काका करतात, पगारावर. ज्या जागेपुढे माल साचतो, ती कारखान्याची अडण. तिथे महिन्याला १६० तास मिळत होते. म्हणून खरा प्रश्न असा, की काकांच्या एका तासात कोणती वस्तू किती पैसे देते?

घड्याळ लावून मोजलं. देव्हाऱ्याला आठ तास, चौरंगाला सव्वा तास, पोळपाटाच्या जोडाला दहा मिनिटं. म्हणजे तासाला देव्हारा ३०० रुपये देतो, चौरंग ४०० आणि पोळपाट ६००. क्रम पूर्ण उलटा झाला. दादाने आकडे तीनदा तपासले.

आता फक्त पोळपाटच बनवा, असं मात्र नाही. बाजार घेईल तेवढंच विकलं जातं. दुकानदारांशी बोलल्यावर महिन्याला ३०० जोडांचा अंदाज आला, चौरंगांचा ४० चा. मग वाटणी वरून खाली केली. ३०० जोडांना ५० तास आणि ४० चौरंगांना ५० तास. उरलेल्या साठांत सात देव्हारे बसतात. कॉन्ट्रिब्युशन ३०,००० अधिक २०,००० अधिक १६,८००, एकूण ६६,८००. आधीच्या वाटणीत हेच ५८,४०० होतं. माणूस तोच, शेड तीच, महिन्याला ८,४०० जास्त.

चूक चौथी: एकदा मोजलेले तास वर्षभर वापरणं

हे आम्हाला पावसाळ्यात कळलं. देव्हाऱ्याला लाखेचं पॉलिश लागतं, आणि हवेत ओल असली की ते पांढुरकं पडतं. ते काढून पुन्हा हात द्यावा लागतो, दोन हातांमध्ये वाट बघावी लागते. आठ तासांचे अकरा झाले, म्हणजे तासाला २१८ रुपये. गणपतीसाठी चौरंगांची झुंबड त्याच दिवसांत असते. पोळपाटाला फक्त तेलाचा हात, त्यामुळे त्याच्या वेळेत फरक पडला नाही. तेव्हापासून दादा काकांच्या टेबलावर एक पाटी ठेवतो. नग सुरू केल्याची आणि संपल्याची वेळ तिच्यावर लिहिली जाते, आणि दर दोन महिन्यांनी तासांचे आकडे बदलले जातात.

मंदीत गणित आणखी वेगळं होतं. फेब्रुवारीत काका अर्धा दिवस रिकामे बसत होते, म्हणजे अडण राहिलीच नव्हती. तेव्हा एका गिऱ्हाइकाने देव्हारा ५,००० ला मागितला. दादा नाही म्हणणार होता. पण रिकाम्या तासाची किंमत शून्य असते आणि त्या भावातही १,४०० उरत होते. गिऱ्हाईक उज्जैनचं होतं, त्यामुळे इंदूरचा भाव बिघडायची भीती नव्हती. ऑर्डर घेतली. श्रावणात तोच भाव मागितला गेला तेव्हा ते १,४०० अकरा तासांत विभागून पाहिले, तासाला १२७ आले, आणि दादाने गिऱ्हाइकाला दिवाळीनंतर यायला सांगितलं.