जुन्या पाटीचं उडालेलं अक्षर परत आणायचंय? आधी एवढं जमवून ठेवा

कसबा पेठेतल्या एका गिरणीच्या जुन्या पाटीचा फोटो काढून तिची अक्षरं नुकतीच कॉम्प्युटरवर परत आणली. पाटी म्हणजे पत्र्यावर ऑइलपेंट, क्रीम बॅकग्राउंड, लाल अक्षरात ‘पिठाची गिरणी’ आणि अक्षरांना काळी शेड. लाल उडून फिकट गुलाबी झालेलं, काळी शेड मात्र बऱ्यापैकी शाबूत. तिच्याच हिशोबाने सांगतो काय काय तयार ठेवायचं ते.

पहिलं म्हणजे फोटो, आणि निम्मं काम इथेच होतं किंवा बिघडतं. ढगाळ दिवस बघा, म्हणजे पत्र्यावर चमक येत नाही, आणि दुपारी एक ते चार गाठा, दुकान बंद असतं, मध्ये गिऱ्हाईक उभं राहत नाही (पुण्याचा हा एक फायदा घ्यायचा राव). मालकाला मात्र सकाळीच विचारून ठेवा. ट्रायपॉड लावून पाटीच्या अगदी समोरून, आणि RAW मध्येच काढा. JPEG मध्ये रंगाची माहिती बारकाईने साठवत नाहीत, डोळ्याला ते कळत नाही पण पुढे फिकट रंग ताणला की चौकोन चौकोन दिसायला लागतात. मग संध्याकाळी ट्रायपॉड त्याच जागी लावून दुसरा फोटो, एका बाजूने पाटीला जवळजवळ चिकटून टॉर्च मारून. रंग उडाला तरी पेंटचा जाड थर पत्र्यावर असतो, तिरप्या उजेडात त्याची कड आणि ब्रशचे फराटे उठून दिसतात, पेंटरने कुठून हात फिरवला ते कळतं. हा फोटो फक्त बघायला, फायनलमध्ये वापरायचा नाही.

मूळ लाल कसा होता त्याचा नमुना पण पाहिजे. आमच्या पाटीची एक कड लाकडी पट्टीखाली झाकलेली होती, तिथे शेवटच्या अक्षराचा इंचभर तुकडा जवळजवळ नवाकोरा सापडला. तो रंग फोटोत घेऊन ठेवा, पण जसाच्या तसा भरायचा नाही हं, क्रीम पिवळं पडलंय आणि त्यावर कोरा लाल ठेवला की स्टिकर चिकटवल्यासारखा दिसतो.

आता GIMP, म्हणजे फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर. आधी `Image > Precision` मध्ये 16 bit करा, मग पाटी सरळ करून घ्या, आणि मग `Colors > Components > Decompose` मध्ये LAB निवडा. यातल्या A लेयरमध्ये उजेड-अंधार नसतो, फक्त हिरवा-लाल फरक असतो, त्यामुळे डोळ्याला न दिसणारं गुलाबी अक्षर Levels ताणल्यावर चक्क वर येतं. मळ, डाग बरेचसे मागे राहतात. गंज मात्र येतो, तो हाताने पुसावा लागतो. हाच तुमच्या अक्षराचा मास्क, म्हणजे रंग कुठे भरायचा त्याचा साचा.

जिथे A मध्येही काही नाही तिथे काळी शेड कामी येते. पेंटर शेड सगळीकडे एकाच दिशेला, एकाच अंतरावर काढतो, आमच्याकडे उजवीकडे खाली होती, म्हणजे शेडची कड तेवढीच डावीकडे वर सरकवली की अक्षराची कड मिळते. ‘गि’ची वेलांटी पूर्ण गेली होती, ती ‘पि’वरून घेतली. पण नुसती ताणून रुंद केली तर रेघेची जाडी पण बदलते, म्हणून दोन्ही टोकं तशीच ठेवून मधला तुकडाच वाढवला. फॉन्ट लावायचा विचारसुद्धा करू नका, पेंटरचे दोन ‘ी’ कधीच सारखे नसतात.

रंग वेगळ्या लेयरवर, मोड Multiply, म्हणजे खालच्या भेगा, पोत दिसत राहतो. लेयरची Opacity वाढवत मी ४५ टक्क्यांवर थांबलो. जिथे पेंटचे पापुद्रे पडून पत्रा उघडा आहे ते ठिपके मास्कमधून कापून टाका, पडलेल्या पेंटवर रंग चढला की लगेच खोटं कळतं. मास्कची कड फोटोइतकीच मऊ पाहिजे, एक-दीड पिक्सेल ब्लर पुरतो. आणि वळचणीमुळे पाटीचा वरचा भाग सावलीत, खालचा उन्हात भाजलेला, तो फरक राहू द्या, मी खाली वरच्यापेक्षा कमीच रंग भरला. जास्त झालं का बघायला फोटो बोटभर लहान करून बघा, पाटीच्या आधी अक्षरं डोळ्यात घुसली तर टक्के कमी करा.

स्वतःच्या मनाने जोडलेलं सगळं ‘अंदाज’ नावाच्या वेगळ्या लेयरवर ठेवा आणि XCF फाइल जपून ठेवा. खाली फोन नंबर होता, शेवटचा आकडा १ की ९ ते टॉर्चच्या फोटोतही कळेना, तो तसाच पुसट सोडला. मालक म्हणाले, “राहू द्या हो, तो नंबर कधीच बंद झालाय.”