उचकी आणि गरम वडे-सागोती

मालवणात मामाकडे वडे-सागोती बकाबका खाल्ली, वर थंडगार सोडा. उचकी सुरू! आजी म्हणाली, "कोण रे आठवण काढता तुझी?" आठवण कसली, फुगलेलं पोट श्वासपटलाच्या नसांना डिवचत होतं. छाती-पोटामधला हा स्नायू अचानक आखडतो, हवा आत ओढली जाते आणि क्षणार्धात स्वरयंत्राची फट मिटते. तोच तो 'हिक्' आवाज.

पाणी पिऊन काही झालं नाही. मग खोल श्वास घेऊन जमेल तितका रोखला. रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढला की उचक्या मंदावतात. तिसऱ्या खेपेला थांबली. ४८ तासांवर टिकली असती, तर मात्र डॉक्टरच गाठला असता.