नव्या बॅचची कॅप्शन लिहिताना: फी, वेळ आणि ‘मोजक्याच जागा’

लिहायला बसण्याआधी क्लासचा फोन जो उचलतो त्याला विचारा, लोक काय काय विचारतात. बॅच कधीपासून, किती वाजता, फी किती, हप्ते चालतील का? एवढ्याची उत्तरं कॅप्शनमध्ये हवीत. ‘यशाचा राजमार्ग’ कुठून जातो, हे फोनवर कुणी विचारत नाही.

पोलीस भरतीच्या लेखी परीक्षेची बॅच घेऊ. पहिल्याच ओळीत परीक्षेचं नाव आणि बॅच सुरू व्हायची तारीख टाका, कारण इन्स्टाग्रामवर सुरुवातीच्या ओळीच दिसतात, बाकीचा मजकूर दाबल्यावर उघडतो. क्लासचं नाव तिथे नको, ते खात्यावर असतंच.

वेळेच्या जागी नुसतं ‘सकाळची बॅच’ लिहू नका. ही मुलं पहाटे ग्राउंडवर पळत असतात. घरी जाऊन आंघोळ करून साडेसातला पोचता येईल का, हे त्यांना बघायचं असतं. खेड्यातून एसटीने येणाऱ्याला क्लास सुटायची वेळही लागते.

‘फीसाठी संपर्क करा’ लिहिलं की फोन वाढतात, प्रवेश नाही. आकडा लिहा, त्यात काय धरलंय आणि काय नाही तेही लिहा. पुस्तकांचे सहाशे रुपये प्रवेशाच्या दिवशी निघाले, तर पालक तिथेच काउंटरवर आवाज चढवतात.

सगळ्यात जास्त घोळ जागांचा. वर्गात २० बाकं, एका बाकावर दोघं, म्हणजे ४० जागा. पैकी १३ भरल्या, तर २७ शिल्लक. हाच आकडा तारखेसह लिहा. पोस्टर व्हॉट्सअ‍ॅपवर गावोगाव फिरतं आणि परत हाती येत नाही, म्हणून ‘अमुक तारखेपर्यंत’ हे हवंच. जागा असताना ‘शेवटच्या ५ जागा’ म्हणणं तर अंगाशी येऊ शकतं: केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या नोव्हेंबर २०२४ च्या सूचनांनुसार क्लासच्या जाहिरातीत खोटी घाई दाखवता येत नाही. निवडीची हमीही देता येत नाही, आणि निवड झालेल्या मुलाचा फोटो त्याच्या लेखी संमतीशिवाय लावता येत नाही.

आता पूर्ण कॅप्शन:

पोलीस भरती लेखी परीक्षा: नवीन बॅच सोमवार, १ जूनपासून
वेळ: सोम ते शनि, सकाळी ७:३० ते ९:३०
विषय: गणित, बुद्धिमत्ता, मराठी व्याकरण, सामान्य ज्ञान
मुदत ४ महिने. फी ₹४,५००, दर रविवारच्या सराव परीक्षेसह
हप्ते दोन: प्रवेशावेळी ₹२,५००, १ जुलैला ₹२,०००
पुस्तकं वेगळी, ₹६००. स्वतःची असतील तर चालतील
एकूण जागा ४०, २० मेपर्यंत शिल्लक २७
पत्ता: एसटी स्टँडसमोर, पहिला मजला
प्रवेशासाठी फोन: (इथे क्लासचा नंबर), सकाळी १० ते संध्याकाळी ६

टाकण्याआधी क्लासबाहेरच्या कुणाला तरी वाचायला द्या. त्याने एकही प्रश्न विचारला, तर त्याचं उत्तर कॅप्शनमध्ये घाला. बॅच भरली की त्याच दिवशी पोस्टच्या वर ‘प्रवेश पूर्ण’ लिहा आणि पुढच्या बॅचची तारीख ठरली असेल तर तीही टाका.