फ्रीज बिघडल्याची तक्रार ग्राहक आयोगात लिहिताना या चुका टाळा

‘दोन महिन्यांत फ्रीज बंद पडला! मेकॅनिक येतो, गॅस भरतो, जातो, पुन्हा तेच. दूध रोज नासतंय. दुकानदार म्हणतो कंपनीला विचारा, कंपनी म्हणते माणूस पाठवतो. सगळे चोर, मिळून फसवलं मला! नवीन फ्रीज द्या आणि पाच लाख भरपाई द्या!’

जिल्हा ग्राहक आयोगासाठी लिहिलेल्या तक्रारींचे पहिले मसुदे बरेचदा असेच असतात. राग रास्त आहे. पण आयोगाला या मजकुरातून तारीख, दोष किंवा पुरावा, काहीच हाती लागत नाही. गंमत म्हणजे या तक्रारीतला सगळ्यात भक्कम मुद्दा त्यातच दडलेला आहे, आणि लिहिणाऱ्याच्या तो लक्षात आलेला नाही.

तो मुद्दा म्हणजे गॅस. फ्रीजमधला गॅस बंद नळ्यांमधून फिरत राहतो, तो वापरून संपत नाही. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे. म्हणजे गळती न शोधता पुन्हा पुन्हा गॅस भरणे ही दुरुस्तीच नव्हे. ‘मेकॅनिक नुसता येतो नि जातो’ हे वाक्य कायद्याच्या भाषेत आणायचे तर असे होईल:

‘तक्रारदाराने दि. 12 मार्च 2025 रोजी सामनेवाला क्र. 1 (विक्रेता) यांच्याकडून, सामनेवाला क्र. 2 (उत्पादक) यांनी तयार केलेला फ्रीज रु. 28,500/- देऊन खरेदी केला. दि. 9 मे 2025 पासून फ्रीजच्या खालच्या कप्प्यातील तापमान 14 अंश सेल्सिअसच्या खाली येत नाही. सामनेवाला क्र. 2 यांच्या तंत्रज्ञाने दि. 14 मे, 2 जुलै व 21 ऑगस्ट 2025 रोजी गॅस भरला. त्याच्या जॉबशीट सोबत जोडल्या आहेत. गळतीचे ठिकाण एकदाही शोधले वा दुरुस्त केले नाही. सबब सदर वस्तू सदोष असून सामनेवाल्यांनी सेवेत त्रुटी केली आहे.’

इथे दोन गोष्टी वेगळ्या मांडल्या आहेत. फ्रीजमध्ये दोष आहे हा एक मुद्दा, आणि वॉरंटीत असूनही दुरुस्ती नीट झाली नाही हा दुसरा. ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्ये दोन्हींच्या व्याख्या स्वतंत्र आहेत. पहिला सिद्ध झाला नाही तरी दुसरा उभा राहू शकतो, म्हणून एकात एक मिसळू नका. 14 अंश हा आकडा मोजायला कप्प्यात साधा थर्मामीटर रात्रभर ठेवून सकाळी त्याचा फोटो काढला तरी पुरतो. ‘कूलिंग होत नाही’ यापेक्षा त्याला वजन आहे, कारण चालू फ्रीजचा हा कप्पा साधारण 3 ते 5 अंशांवर असतो. तंत्रज्ञ जॉबशीट न देता निघाला तर त्याच दिवशी कंपनीला ईमेल करा: आज काय केले, काय सांगितले. फोनवरच्या बोलण्याचा मागमूस राहत नाही.

आता ‘चोर’ आणि ‘फसवलं’. हे शब्द काढाच. आयोगाची चौकशी थोडक्यात, कागदपत्रे आणि शपथपत्रांवर चालते. फसवणुकीचा गुंतागुंतीचा आरोप केला की ‘हा विषय दिवाणी न्यायालयाचा आहे’ असे म्हणायला समोरच्या वकिलाला आयती जागा मिळते. सदोष वस्तू आणि त्रुटी सिद्ध करायला कोणाचा हेतू दाखवावा लागत नाही.

दुकानदार की कंपनी, हा वाद तुम्ही सोडवू नका. दोघांनाही सामनेवाले करा आणि जबाबदारी ‘वैयक्तिक व संयुक्तपणे’ मागा.

मागणी मात्र क्रमाने लिहा. आधी फ्रीज बदलून द्यावा. ते शक्य नसल्यास रु. 28,500/- व्याजासह परत द्यावेत. मग मानसिक त्रासाची भरपाई आणि तक्रारीचा खर्च, दोन्ही वेगवेगळ्या रकमांत. पाच लाखांच्या भरपाईला आधार काय, हे कागदावर नसेल तर तो आकडा बाकीच्या मागण्यांचेही वजन कमी करतो. नासलेल्या दुधा-भाज्यांची बिले असतील तेवढीच रक्कम मागा.

मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे, आणि कंपनीशी बोलणी चालू आहेत म्हणून ती आपोआप थांबत नाही. त्यामुळे कारण कोणत्या तारखेला घडले हे तक्रारीत स्पष्ट लिहा. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी जिल्हा आयोगात शुल्क लागत नाही आणि तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणून थांबायचे कारण नाही.

तोवर फ्रीज बाहेरच्या मेकॅनिककडून उघडू नका आणि विकूही नका. दोष तपासणीशिवाय ठरत नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो. नळ्या बाहेर कुठे जोडून घेतल्या असतील तर ‘दोष बाहेरच्या मेकॅनिकनेच केला’ हा बचाव कंपनीला मिळतो, आणि तुमच्या तीन जॉबशीट असूनही तो खोडून काढणे अवघड जाते.